भाकरीचा घास आला

सातवीच्या वर्गात पचनसंस्थेचा पाठ मी बरीच वर्षे शिकवते. मुलांना अवयवांची नावे पाठ होतात, पण त्यांचा क्रम हमखास चुकतो. उत्तरपत्रिकेत कुणाचा घास जठरातून थेट यकृतात शिरतो, कुणाचा स्वादुपिंडातून बाहेर पडतो. म्हणून एका वर्षी वर्गालाच सांगितले, की आपण एका घासाच्या प्रवासाची कविता रचू. तोंडापासून आतड्यापर्यंतची, यमक जुळलेली आणि म्हणता येईल अशी.

पहिल्याच दिवशी चार-पाच कडवी तयार झाली. मुले बाके वाजवत ती म्हणू लागली. त्यातली एक ओळ होती, ‘सारे पीठ गोड झाले’. तोंडातल्या लाळेने पिठाची साखर होते, हे मुलांनी त्यातून सांगितले होते. ओळीत आठ अक्षरे होती, यमकही चोख होते. पण ओळ खोटी होती. तोंडात सारे पीठ गोड होत नाही, अगदी थोडे होते. मी फळ्यावर ‘सारे’ खोडून ‘थोडे’ लिहिले. तीही दोनच अक्षरे. चाल जराही अडखळली नाही.

त्या दिवशी या कामातली खरी अडचण कळली. छंदाला खरे-खोटे कळत नाही. तो अक्षरे मोजतो आणि शेवट जुळतो का ते पाहतो. गद्यात लिहिलेली चूक मूल वर्षभरात विसरून जाते. यमकात बसलेली चूक मात्र पन्नाशीतही जिभेवर असते. तेव्हा पचनाची कविता लिहायची, तर प्रत्येक शब्द पोटात काय घडते त्याच्याशी ताडून घ्यायला हवा. आम्ही ती कविता कशी तपासत गेलो आणि तपासताना एका घासाची काय काय हकिगत हाती लागली, ते इथे सांगते.

चाल आम्ही घेतली लहान अभंगाची. प्रत्येक चरणात आठ अक्षरे आणि दोन चरणांच्या शेवटी यमक, इतकाच तिचा नियम. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणजे ‘घट्ट’ हा शब्द दोन अक्षरांचा. मुलांना बोटांवर मोजता येते आणि गाता गाता एखादे अक्षर कमी-जास्त झाले, तर कानाला लगेच खटकते.

घासही ठरवून घेतला. ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर तुरीचे घट्ट वरण आणि वर तुपाची धार. यात तीन प्रवासी आहेत. भाकरीच्या पिठात मुख्यतः पिष्ट, डाळीत प्रथिने आणि तुपात स्निग्ध पदार्थ. खरे तर ज्वारीतही प्रथिने असतात आणि डाळीतही पिष्ट असते. पण कवितेपुरते पीठ, डाळ आणि तूप हे त्या तिघांचे प्रतिनिधी. तिघे एकाच वाटेने निघतात, पण प्रत्येकाचे काम वेगळ्या मुक्कामी होते. सगळी कविता याच गोष्टीभोवती फिरते.

भाकरीचा घास आला
दाताखाली चूर झाला
लाळेतली कात्री चाले
थोडे पीठ गोड झाले

तोंडात दोन वेगळी कामे चालतात आणि म्हणून त्यांना दोन वेगळी कडवी दिली. दात घास बारीक करतात, पण पदार्थ बदलत नाहीत. भाकरीचा चुरा झाला तरी ती भाकरीच असते. लाळेचे काम निराळे. पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. लाळेतले टायलिन नावाचे विकर ही माळ जागोजागी कापते आणि माल्टोज नावाच्या साखरेचे छोटे तुकडे तयार होतात. विकर म्हणजे असे काम घडवून आणणारे द्रव्य. मुलांसाठी आम्ही त्याला ‘कात्री’ म्हटले. कात्री कागद कापते आणि स्वतः तशीच राहते, विकराचेही तसेच असते. शिवाय प्रत्येक कात्री एकाच प्रकारचा माल कापते. टायलिन पिष्ट कापते, डाळीतल्या प्रथिनांना किंवा तुपाला ते हातही लावत नाही.

लाळ तीन जोड्या ग्रंथींमधून येते, एक कानापुढे, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. दिवसभरात ती साधारण 1 ते 1.5 लिटर भरते. पण घास तोंडात राहतो अर्धा-एक मिनिट. एवढ्या वेळात कात्री किती माल कापणार? म्हणून ‘थोडे’.

हे मुलांनी नुसते ऐकून मानू नये, म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली घरी करायची. भाकरीचा कोरडा तुकडा न गिळता मिनिट-दीड मिनिट चावत राहायचे. सुरुवातीला चव लागत नाही, मग हळूहळू गोडसर लागू लागते. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतली. तांदळाची पातळ पेज करून पूर्ण गार केली आणि तीन परीक्षानळ्यांत घेतली. पहिलीत थोडे पाणी घातले, दुसरीत लाळ, आणि तिसरीत आधी व्हिनेगर आणि मग लाळ. तिन्ही नळ्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवल्या. मग प्रत्येकीत आयोडीनचा थेंब टाकला. पिष्ट असेल तिथे आयोडीन निळे-काळे होते. पहिली नळी निळी झाली. दुसरी झाली नाही, तिथले पिष्ट लाळेने कापले होते. तिसरी मात्र निळीच झाली. लाळ असूनही आंबट पाण्यात कात्री चालली नव्हती. ही तिसरी नळी लक्षात ठेवा, जठरात तिचा उपयोग आहे.

हा प्रयोग करताना चुका होतात त्याही ठरलेल्या आहेत. पेज गरम असेल तर दोन्ही बाजूंनी फसगत होते. उष्णतेने लाळेतले विकर निकामी होते आणि गरम पेजेत आयोडीनचा निळा रंगही टिकत नाही. पेज दाट असेल तर तेवढ्या लाळेला सगळे पिष्ट कापता येत नाही आणि दुसरी नळीही निळसर राहते. तिसऱ्या नळीत व्हिनेगरऐवजी लिंबू पिळले, तर सगळा प्रयोगच बिघडतो, कारण लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवते. मग पिष्ट तसेच असूनही नळी निळी होत नाही आणि आंबटातही लाळ काम करते असा उलटा निष्कर्ष निघतो. एका गटाचे अगदी हेच झाले होते. वाद मिटायला एक तास गेला, पण तो तास वाया गेला असे मला वाटत नाही.

पुढचे कडवे गिळण्याचे. मुलांनी आधी लिहिले होते, ‘घास पडे धपकन’. आठ अक्षरे बरोबर होती आणि ऐकायलाही मजा येत होती. पण घास विहिरीत दगड पडावा तसा खाली पडत नाही. मी विचारले, “गाय मान खाली घालून पाणी पिते, तेव्हा पाणी कुठे जाते?” एक मुलगा म्हणाला, “बाई, वर चढतं!” मग वर्गानेच ‘धपकन’ काढून टाकले.

श्वासाची ती वाट बंद
घास खाली जाई मंद
मागे घट्ट, पुढे सैल
लाट त्याला नेई पैल

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेद देतात. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्यावरची छोटी झाकणी खाली झुकते, म्हणून घास श्वासनळीत शिरत नाही. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळला, तर कंठमणी वर सरकून पुन्हा खाली आलेला जाणवतो. जेवताना बोलले किंवा हसले की हा मेळ चुकतो आणि ठसका लागतो.

त्यापुढची अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. तिच्या भिंतीत स्नायू असतात. ते घासाच्या मागे आवळतात आणि पुढे सैल पडतात. आवळण्याची ही लाट वरून खाली सरकते आणि घासाला आपल्याबरोबर नेते. चिकट कणीक नळीतून पुढे सरकवायची तर आपण मागून दाबत जातो, तसेच. एवढे अंतर कापायला घट्ट घासाला आठ-दहा सेकंद लागतात. म्हणून ‘मंद’ हा शब्द यमकासाठी आला असला, तरी तो खराही आहे. आमच्या पुस्तकात स्नायू आणि पचनसंस्था एकाच पाठात का घातल्या आहेत, ते मुलांना या कडव्यापाशी उमगते. ही लाट पुढे आतड्याच्या शेवटापर्यंत घासाची साथ सोडत नाही.

आता जठर. सगळ्यांत हट्टी चूक इथे होती. ‘पोटात अन्न पचते’ असे आपण रोज बोलतो, त्यामुळे जठरात सगळे पचून जाते अशी मुलांची पक्की समजूत असते. पहिल्या खर्ड्यात जठरापाशी कविता जवळजवळ संपलीच होती. ती उघडून असे लिहिले:

जठराच्या पिशवीत
आम्ल येई भिजवीत
पेप्सिन ते डाळ तोडी
पिठाला ते इथे सोडी
घुसळून खीर व्हावी
दाराने ती थोडी द्यावी

जठराच्या भिंतीतून हायड्रोक्लोरिक आम्ल पाझरते. अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू त्याने मरतात. शिवाय पेप्सिन नावाची कात्री फक्त अशा तीव्र आम्लातच चालते. ती प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडते, म्हणजे आपल्या घासातल्या डाळीचे काम इथे सुरू होते. जठराची भिंतही प्रथिनांचीच आहे, मग ती का पचत नाही, हा प्रश्न मुले दरवर्षी विचारतात. भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा जाड थर असतो, तो आम्लाला आणि पेप्सिनला लांब ठेवतो. शिवाय भिंतीचा सर्वांत आतला थर दर काही दिवसांनी नवा होतो. हे संरक्षण एखाद्या जागी तुटले की तिथे अल्सर होतो.

आणि पीठ? त्याचे काम इथे थांबते. तिसरी नळी आठवा. आंबट झाले की लाळेतली कात्री चालत नाही. अर्थात घास जठरात पडताक्षणी ती थांबते असे नाही. घासाच्या गोळ्यात आतपर्यंत आम्ल शिरायला वेळ लागतो आणि तोवर आतल्या आत लाळेचे काम चालू राहते. मग ते बंद पडते. तुपाचेही इथे फारसे काही होत नाही. म्हणजे तीन प्रवाशांपैकी जठर मुख्यतः एकाकडे पाहते, तेही अर्धवट. पेप्सिन प्रथिनांचे मोठे तुकडे करते, शेवटचे बारीक कण करणे त्याच्या हातात नाही.

जठरातले हे काम केवळ घुसळण्याने होत नाही, तिथला रस पदार्थच बदलतो, याचा पुरावा एका अपघातातून मिळाला. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवले. पण जखम भरताना जठरापर्यंत जाणारे छिद्र कायमचे उघडे राहिले. 1825 पासून बोमाँटने त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे आणि पावाचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. नंतर त्याने जठरातला रस बाटलीत घेतला, त्यात मांस टाकले आणि बाटली शरीराइतकी उबदार ठेवली. जठराबाहेरही मांस विरघळत गेले. हे सगळे त्याने 1833 साली पुस्तकात छापले. रुग्णाची स्थिती आणि डॉक्टरवरचे त्याचे अवलंबन पाहता आज असे प्रयोग कुणाला करू दिले जाणार नाहीत, हेही मी मुलांना सांगते. पण बाटलीतल्या त्या मांसामुळे पेप्सिनच्या ओळीत ‘तोडी’ हे क्रियापद आम्ही निर्धास्तपणे वापरले.

‘दाराने ती थोडी द्यावी’ या चरणातले दार म्हणजे जठराच्या तळाशी असलेला स्नायूंचा कडा. दोन ते चार तास घुसळून अन्नाची खिरीसारखी आंबट लापशी होते आणि हे दार ती थोडी थोडी पुढे सोडते. जेवणात तूप-तेल जास्त असेल तर दार आणखी सावकाश उघडते. पुरणपोळीच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, त्याचे एक कारण हे.

आता लहान आतडे. इथे कविता पुन्हा जोमात येते, कारण तिघाही प्रवाशांचे काम इथेच पुरे होते.

लहानसे नाव त्याचे
काम मोठे पचनाचे
यकृताने पित्त दिले
तुपाचे ते थेंब केले
स्वादुपिंड कात्र्या जोडी
पीठ, डाळ, तूप तोडी

नावात ‘लहान’ असले तरी हे आतडे मोठ्या माणसात सुमारे 6 मीटर लांब असते. ते नळीच्या रुंदीने लहान आहे, लांबीने नाही. मुलांना सहा मीटर म्हणजे किती ते डोळ्यांनी दिसावे, म्हणून आम्ही नेसायची साडी वर्गात उलगडली. पाचवारी साडी साडेचार-पाच मीटर भरते, म्हणजे आतडे तिच्याहूनही लांब. मग साडीची घडी घातली आणि ती एवढ्याशा जागेत कशी मावते तेही दिसले.

घास यकृतातून जातो ही चूक आम्ही इथे क्रियापदाने सुटी केली. ‘आला’, ‘जाई’, ‘नेई’ ही चालण्याची क्रियापदे फक्त तोंड, अन्ननलिका, जठर आणि आतड्यांसाठी ठेवायची असे ठरवले. यकृत आणि स्वादुपिंड यांच्यासाठी ‘दिले’ आणि ‘जोडी’. ही दोन्ही वाटेवरची गावे नाहीत. ती बाजूला आहेत आणि तिथून नळीने रस येतो. घास त्या गावांत पाऊल टाकत नाही. हा नियम कळल्यावर एका मुलीने स्वतःहून पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत वाटेवरचे अवयव निळ्या पेनने आणि बाजूचे लाल पेनने रंगवले. तेव्हापासून दरवर्षी सगळा वर्ग तसेच करतो.

पित्ताच्या ओळीवर सर्वांत जास्त खल झाला. आधीची ओळ होती, ‘पित्तरसे तूप पचे’. ऐकायला बरोबर, पण पित्तात कात्री नसतेच. यकृतात तयार होणाऱ्या आणि पित्ताशयात साठणाऱ्या या हिरवट-पिवळ्या रसात एकही पाचक विकर नाही. मग तो काय करतो? तूप पाण्यात मिसळत नाही, त्याचे मोठे गोळे तरंगत राहतात. पित्तातले क्षार त्या गोळ्यांचे अगदी बारीक थेंब करतात. तेलकट ताटावर साबण टाकला की तेल सुटते आणि पाण्यात मिसळते, तसेच. पदार्थ तोच, फक्त थेंब लहान. पण लहान थेंब झाल्यामुळे कात्रीला पोहोचायला पृष्ठभाग कितीतरी वाढतो. प्रत्यक्ष कापण्याचे काम स्वादुपिंडातून आलेले लायपेज करते. म्हणून पित्तासाठी ‘थेंब केले’ आणि स्वादुपिंडासाठी ‘तोडी’. पित्तनळीत खडा अडकला, तर तुपाचे थेंब नीट होत नाहीत, चरबी न पचता बाहेर पडते आणि शौचाला फिकट, तेलकट होते. या एका लक्षणावरून पित्त काय काम करते ते कळते.

स्वादुपिंडाचा रस आणखी एक काम करतो, ते कवितेत मावले नाही. तो जठरातून आलेल्या आंबट लापशीतला आंबटपणा मारतो. आतड्यातल्या कात्र्या आम्लात चालत नाहीत, तेव्हा आधी हे व्हावे लागते. मग पिष्टाची थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होते. लाळेतल्यासारखीच अमायलेज नावाची कात्री स्वादुपिंडातून येते आणि उरलेल्या पिठाला हात घालते. ट्रिप्सिन प्रथिनांचे पुढचे तुकडे करते, लायपेज तुपाचे. साखरेचे आणि प्रथिनांचे अगदी शेवटचे तुकडे आतड्याच्या भिंतीवरची विकरे करतात. तोंडात तयार झालेले माल्टोज इथे ग्लुकोज होते. एका मुलाने याचा हिशेब छान मांडला. पीठ दोनदा कापले जाते, डाळ दोनदा आणि तूप मुख्यतः एकदाच.

मखमली भिंत आत
लाखो बोटे उभी त्यात
गोड जाई रक्तासंगे
तूप लसिकेच्या अंगे

पचलेले अन्न अजून नळीतच आहे, शरीरात शिरलेले नाही. ते भिंतीतून आत जायला हवे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूवर एक मिलिमीटरहूनही कमी उंचीची बोटांसारखी वर आलेली टोके दाटीने असतात. पुस्तकात त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्यामुळे भिंत मखमलीसारखी दिसते आणि शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. इथे मुलांनी ‘टेनिसच्या मैदानाएवढी’ अशी ओळ आणली होती, कारण अनेक पुस्तकांत तसेच छापलेले असते. ती ओळ मी घेतली नाही. स्वीडनमधल्या हेलांडर आणि फँड्रिक्स या संशोधकांनी 2014 साली नव्याने मोजणी केली, तेव्हा सबंध पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग सुमारे 30 ते 40 चौरस मीटर भरला, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढा. ‘मखमल’ हा शब्द मात्र पूर्वीही खरा होता आणि आजही आहे.

प्रत्येक बोटाच्या आत रक्ताच्या बारीक वाहिन्या आणि मध्ये लसिकेची एक वाहिनी असते. साखर आणि प्रथिनांचे कण रक्तात उतरतात आणि आधी यकृताकडे जातात. पचलेले तूप भिंतीत पुन्हा जुळते आणि लसिकेच्या वाहिनीने निघून, मोठा वळसा घेऊन, गळ्याजवळच्या शिरेत रक्ताला मिळते. ‘गोड’च्या ओळीत प्रथिनांचा उल्लेख राहिला, ही या कवितेची उणीव आहे. आठ अक्षरांत दोघे मावत नव्हते. ती उणीव आम्ही लपवली नाही. कविता म्हणून झाली की डाळीचे कण कुठे गेले, हे वर्गाला तोंडी सांगावे लागते.

मोठे आतडे शेवटी
उरले ते पाणी लुटी

शेवटच्या या कडव्यातले ‘उरले ते’ हे दोन शब्द भरतीचे नाहीत. पाणी मोठे आतडे शोषते, असे आपण सरसकट सांगतो. खरे तर प्यालेले पाणी आणि लाळ, जठररस, पित्त असे सगळे पाचक रस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी लहान आतड्यात येते आणि त्यातले बहुतेक तिथेच शोषले जाते. पुढे जाते ते लिटर-दीड लिटर. मोठे आतडे त्यातलेही जवळजवळ सगळे काढून घेते. हे काम बिघडले तर जुलाब होतात, आणि फार रेंगाळले तर खडा धरतो. ज्वारीचा कोंडा कापायला माणसाकडे कात्रीच नाही, म्हणून तो इथवर आख्खा येतो, पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राखतो. थोडा कोंडा इथले जीवाणू आपल्यासाठी वापरतात.

परीक्षेत मी आता ‘पचनसंस्थेचे वर्णन करा’ असा प्रश्न देत नाही. कवितेतली एक ओळ शब्द बदलून लिहिते आणि चूक शोधायला सांगते. ‘यकृतात घास गेले’ लिहिले की मुले हसत खोडतात. ‘पित्ताने ते तूप तोडी’ ही ओळ खोडायला जास्त विचार लागतो. गेल्या वर्षी मी एकही शब्द न बदलता ‘पिठाला ते इथे सोडी’ ही ओळ जशीच्या तशी दिली आणि ती खरी का, ते विचारले. एका मुलीने उत्तरात तिसऱ्या नळीची आकृती काढली होती. खाली लिहिले होते, “कारण इथे आंबट आहे. पुढे गोड होईल.”